सप्लायरला एअरने माल पाठवायला सांगायचंय, जादा खर्च कोणी किती उचलायचा?

अंबडकर_परचेस
मंडळी, अंबडला वायर हार्नेस बनवतो आम्ही, माल चाकणला जातो. कनेक्टरचे प्लास्टिक हाऊसिंग चीनमधल्या निंगबोच्या एका सप्लायरकडून घेतो, एफओबी निंगबो, दरवेळी समुद्राने एलसीएल येतं. यावेळी 60 हजार नगांची ऑर्डर होती, त्याच्या मोल्डचं काम निघालं आणि माल लेट झाला. आता म्हणतो 5 तारखेला रेडी. समुद्राने आला तर पुढच्या महिन्याची 5 उजाडेल आणि माझ्या लाईनवरचा स्टॉक 13 ला संपतोय. फॉरवर्डरने एअरचा 280 रुपये किलो ऑल-इन कोट दिलाय. साहेब म्हणतात सगळा माल एअरने मागव आणि बिल सप्लायरवर टाक. सप्लायर म्हणतो एफओबी आहे, फ्रेट तुमचं. दोघंही आपापल्या जागी बरोबरच वाटतात, मला मेल काय लिहू तेच कळत नाही. कोणी असं केलंय का?

फाटका_खिसा
आधी साहेबांना एअरने पाठवा, खर्च अर्धा अर्धा 😀

द्राक्षवाला_पिंपळगाव
एअरच्या नादी लागू नका राव. आमची द्राक्षं रीफर कंटेनरने रॉटरडॅमला जातात, तीन-चार आठवडे लागतात तरी टिकतात. एअरचा रेट द्राक्षाला परवडतच नाही. तुम्ही पॅकिंग नीट करा, समुद्राने काही होत नाही मालाला.

अंबडकर_परचेस
दादा माल खराब होण्याचा प्रश्न नाहीये, प्लास्टिक आहे ते. माल उशिरा पोचणार हा प्रश्न आहे.

द्राक्षवाला_पिंपळगाव
अच्छा. मग माझा प्रतिसाद सोडून द्या. पण पॅकिंगचं खरंच बघा.

फिफ्टी_फिफ्टी
यात विचार करण्यासारखं काहीच नाही. इंडस्ट्रीत पद्धतच आहे, एअर फ्रेट अर्धं अर्धं. आम्ही सिन्नरला कायम तसंच करतो. कोणाची चूक वगैरे उकरत बसलात तर महिना मेलामेलीतच जाईल. सरळ लिहा, 50-50, डन.

मेघना_के
फिफ्टी भाऊ, अर्धं अर्धं कशाचं ते पण सांगा की. पूर्ण एअर बिलाचं का जादाच्या खर्चाचं? दोन्हीत फरक पडतो. आणि त्याच्याही आधी, सगळा माल एअरने हवाय कशाला? अंबडकर, तुमचा रोजचा खप किती? कार्टनचं माप आणि वजन काय? आणि एक नाजूक प्रश्न, उशीर पूर्ण त्याच्यामुळेच झालाय ना? तुमच्याकडून ड्रॉईंग, ॲप्रूव्हल, ॲडव्हान्स असं काही लटकलं नव्हतं ना?

अंबडकर_परचेस
ताई, खप दिवसाला 1500. कार्टन 60 बाय 40 बाय 40 सेंमी, एकात हजार नग, वजन 9 किलो. एकूण 60 कार्टन. म्हणजे 540 किलो गुणिले 280, दीड लाखाच्या आसपास धरलंय मी. आणि हो, अकाउंट्सने ॲडव्हान्सचा टीटी 6 दिवस उशिरा केला होता, पैसे पोचलेत त्याला. मोल्डमुळे त्याचे 18 दिवस गेले. एकूण 24.

सहारची_फेरी
फॉरवर्डिंगमधे आहे, रोज मुंबईला सहारच्या एअर कार्गोत असतो म्हणून सांगतो. तुमचा हिशोब चुकतोय. एअरलाईन 9 किलोचे पैसे घेणार नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले 6000 करा, 96 हजार भागिले 6000 म्हणजे 16 किलो. खरं वजन आणि हे, यात जे जास्त त्याचे पैसे. हाऊसिंग म्हणजे आत निम्मी हवाच असते, हलका आणि फुगीर माल. 60 कार्टन म्हणजे 960 किलो, 2 लाख 68 हजार 800 रुपये. कुरियरवाल्याकडे गेलात तर तो 5000 ने भागतो, म्हणजे अजून वाढेल. तुमच्या फॉरवर्डरने 280 सांगितले तेव्हा कुठल्या वजनावर हे विचारलंत का?

अंबडकर_परचेस
नाही विचारलं 😐 पावणेतीन लाख?? मालच सव्वासात लाखाचा आहे, 12 रुपये नग पडतो.

मेघना_के
म्हणूनच सगळा मागवायचा नाही. मी अशा वेळी कॅलेंडर घेऊन बसते. एअरने आला तर 12 ला तुमच्या गेटला लागेल असं धरू. 14 पासून पुढच्या महिन्याच्या 4 पर्यंत लाईन चालवायची, रविवार वगळून अठरा दिवस. अठरा गुणिले दीड हजार, 27 हजार नग. जहाज एखादा दिवस इकडे तिकडे होतंच, बंदराजवळच्या CFS गोदामातून माल सुटायलाही वेळ जातो, म्हणून 30 हजार धरा. म्हणजे 30 कार्टन एअरने, उरलेले 30 नेहमीसारखे समुद्राने. तुमचं मागणं एका झटक्यात निम्म्यावर आलं. सप्लायरला 480 किलोचं बिल दाखवणं आणि 960 चं दाखवणं यात बोलण्याचा सूरच बदलतो. पहिल्यात तुम्ही लाईन वाचवताय असं दिसतं, दुसऱ्यात सूड उगवताय असं.

टूलरूम_सातपूर
मी उलट्या बाजूचा आहे. आम्ही प्रेस पार्ट एक्स्पोर्ट करतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठलातरी कस्टमर माझ्या डोक्यावर एअर फ्रेट मारतो. म्हणून सप्लायर म्हणून सांगतो, तुमचा मेल आला की मी पहिलं काय बघतो? याने आकडा दिलाय का नुसता आरडाओरडा केलाय. "अर्जंट, लाईन स्टॉप, तुमची जबाबदारी" असे मेल आले की मी तो दोन दिवस बाजूला ठेवतो, खरं सांगतो. पण कोणी लिहिलं की एवढे नग, या तारखेपर्यंत, एवढं बिल येईल, त्यातलं नेहमीचं फ्रेट माझं आणि वरचं असं वाटून घेऊ, उद्या संध्याकाळपर्यंत कळव, तर मला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

दुसरं, सव्वासात लाखाच्या ऑर्डरवर प्लास्टिकवाल्याला सुटतात किती? त्याच्यावर लाख-सव्वा लाख टाकलेत तर त्याची ऑर्डर तोट्यातच गेली. तो हो म्हणेल आणि पुढच्या ऑर्डरला रेट वाढवून वसूल करेल. मी केलंय तसं, लपवत नाही.

फिफ्टी_फिफ्टी
टूलरूम यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला. 50-50 म्हणजे दोघंही रडणार, विषय संपला.

कोईमतूर_ते_कोठारी
आमचं पण असंच झालं होतं, कोईमतूरहून पंपाची कास्टिंग यायची होती, ट्रक कर्नाटकात पंक्चर होऊन पडला. आम्ही सरळ ट्रान्सपोर्टवाल्याला धरलं. तुम्ही पण शिपिंग कंपनीला धरा ना, उशीर त्यांच्यामुळे.

अंबडकर_परचेस
भाऊ माल अजून फॅक्टरीतच आहे, जहाजात चढलेलाच नाही. शिपिंगवाल्याचा काय दोष.

सहारची_फेरी
आता पॅकिंगकडे या, द्राक्षवाले दादा बोलले ते बरोबरच होतं 😄 अंबडकर, कार्टन उघडल्यावर वर रिकामी जागा असते का?

अंबडकर_परचेस
असते. साधारण वीतभर. पॉलिबॅगमधे सैल भरलेले असतात नग आणि वर फोम टाकतात.

सहारची_फेरी
मग त्याला सांगा एअरच्या 30 कार्टनची उंची 40 वरून 30 वर आणा. फोम काढ, बॅग दाबून भर, प्लास्टिक आहे, काही होत नाही. 60 बाय 40 बाय 30 म्हणजे 12 किलो. खरं वजन 9 च आहे म्हणजे अजूनही फुगीरच, पण 480 चे 360 किलो झाले. 280 ने 1 लाख 800 रुपये. नुसती कात्री चालवून 33 हजार 600 वाचले, आणि हे वाचलेले दोघांचेही आहेत, म्हणून सप्लायर ऐकतो. टेप लावून कार्टनचा फोटो मागवा, कारण गोडाऊनमधे माप परत घेतात आणि पोट फुगलेलं कार्टन असेल तर पोटाचं माप धरतात.

ओझरचा_राजा
सहारला कशाला, आपल्या ओझरला कार्गो कॉम्प्लेक्स आहे की. डायरेक्ट नाशिकला उतरवा, घाटाचा त्रास वाचेल.

सहारची_फेरी
राजे, ओझरला कार्गोची सोय आहे ते खरं. पण शांघायहून तुमचे 30 डबे घेऊन तिकडे यायला विमान पाहिजे ना. पुडाँगहून मुंबई, सहारला क्लिअरन्स, रात्री टेम्पो कसाऱ्याचा घाट चढून सकाळी अंबडला. यात जास्त वेळ विमानात जात नाही, दोन्हीकडच्या जमिनीवर जातो. म्हणून कागद आधी मागवा. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा ड्राफ्ट माल निघायच्या आधी सीएचएला, म्हणजे कस्टम्सच्या एजंटला दाखवा, एचएस कोड आणि नग जुळतात का बघू दे त्याला. विमान दीड दिवसात येतं आणि माल चार दिवस इन्व्हॉइसवरच्या चुकीपायी पडून राहतो, हे मी दर आठवड्याला बघतो.

मेघना_के
आता वाटणीवर येऊ. माझ्या मते वाटायचा तो फक्त जादाचा खर्च. हे 30 कार्टन समुद्राने आले असते तरी फ्रेट तुम्हीच भरणार होतात, एफओबी आहे. 30 कार्टनचं पावणेतीन-तीन सीबीएम, म्हणजे घनमीटर होतं, तुम्हाला इथले चार्जेस धरून एका सीबीएमला काय पडतं?

अंबडकर_परचेस
5 हजार धरा. 2.88 सीबीएम म्हणजे 14,400.

मेघना_के
बरोबर. 1,00,800 वजा 14,400, जादाचा खर्च 86,400. आता हा का झाला ते बघा. 24 दिवसांतले 18 त्याचे, 6 तुमचे. म्हणजे पाऊण आणि पाव. त्याने 64,800, तुम्ही 21,600 अधिक तुमचे नेहमीचे 14,400. तुमचे 6 दिवस तुम्ही स्वतःच मेलमधे लिहायचे. त्याने काढून दाखवायच्या आधी लिहिलेत तर बाकीच्या 18 दिवसांवर तो वाद घालत नाही.

टूलरूम_सातपूर
ताई हिशोब सुंदर आहे पण पाऊण मिळणार नाही. 64 हजार म्हणजे त्याचा या ऑर्डरचा नफा गेला. मी असतो तर नाही म्हणालो असतो. शिवाय 6 दिवस आणि 18 दिवस असं सरळ भागता येत नाही. कधी कधी ॲडव्हान्स 6 दिवस लेट झाला की मशीनचा स्लॉट दुसऱ्या पार्टीला जातो आणि त्या सहाचे बारा होतात. मोल्डचं काम त्यातच निघालं नसेल कशावरून?

मेघना_के
ते त्याने सांगावं, मेलमधे लिहावं. आपण सुरुवात दिवसांवरून करायची, शेवट कुठे होईल ते वेगळं. आकडा नसला की 50 च येतो, कारण 50 ला कोणाला कारण द्यावं लागत नाही.

फिफ्टी_फिफ्टी
हे मला टोमणा होता ना 🙂

मेघना_के
अर्धा अर्धा तुम्हाला आणि टूलरूमना.

अंबडकर_परचेस
मेल असा लिहिलाय, इंग्रजीत जाणार पण मुद्दे बघा. "30 कार्टन 5 तारखेला तयार होतील असं तुम्ही म्हणालात, 4 ला संध्याकाळी पॅक झालेल्या कार्टनचे मापासहित फोटो पाठवा. कार्टनची उंची 30 सेंमीच्या वर नको. हे 30 एअरने, बाकी 30 ठरल्याप्रमाणे समुद्राने. एअरचं बिल अंदाजे 1,00,800, समुद्राचा आमचा नेहमीचा खर्च 14,400 वजा जाऊन जादा 86,400. आमच्याकडून ॲडव्हान्स 6 दिवस उशिरा आला, तुमच्याकडून 18 दिवस गेले, म्हणून जादाचा पाव आम्ही, पाऊण तुम्ही असं सुचवतो. फ्रेटचा दर तुमच्याकडे कमी मिळत असेल तर तुम्ही बुक करा. उद्या तुमच्या वेळेनुसार दुपारी 3 पर्यंत लेखी होकार पाहिजे, नंतर त्या आठवड्याचं विमान जातं. ही वाटणी या शिपमेंटपुरतीच." चालेल का?

टूलरूम_सातपूर
चांगलाय. शेवटचं वाक्य ठेवाच, नाहीतर पुढच्या वेळी तो तुम्हाला हाच मेल दाखवेल. अजून एक, ऑटोवाल्यांचं स्कोअरकार्ड असतं ना, त्यात प्रीमियम फ्रेट किती वेळा लागलं ते मोजतात, आयएटीएफ 16949 मधे सप्लायर मॉनिटरिंगमधेच आहे ते. मला 20 हजार भरायला तेवढं वाईट वाटत नाही जेवढं ती नोंद व्हायला वाटतं. पहिल्या मेलमधे धमकी देऊ नका, पण तो अडला तर आहे तुमच्या हातात. फक्त तुमच्या 6 दिवसांची नोंद पण त्यात करायची, मग.

खिसा_गरम_सीए
पैसे वसूल कसे करणार ते ठरवलंय का? लोक इथेच फसतात. त्याचा वाटा आपल्या पेमेंटमधून कापायचा असं करू नका. इन्व्हॉइस 3 लाख 60 हजाराचं, बिल ऑफ एंट्री तेवढ्याचंच, आणि तुम्ही पाठवले कमी, की बँकेच्या आयडीपीएमएसमधे, म्हणजे आयातीच्या पेमेंटच्या नोंदीत, ती एंट्री जुळत नाही आणि बँकवाला खुलासा मागत बसतो. पुढच्या इन्व्हॉइसमधे डिस्काउंट घ्यायचा तर कस्टम्सच्या नजरेने त्या मालाची किंमत खोटी कमी दाखवल्यासारखं होतं, तो डिस्काउंट मालाचा नसतोच.

सरळ मार्ग म्हणजे एअर त्याने तिकडे भरायचं, एअरवे बिल प्रीपेड, आणि इन्व्हॉइसमधे मालाखाली वेगळी ओळ, तुमच्या वाट्याचं फ्रेट एवढं. ही एक शिपमेंट एफओबीऐवजी सीपीटी मुंबई, म्हणजे मुंबईपर्यंतचं फ्रेट भरणार तो. मग इन्व्हॉइस आणि पेमेंट जुळतं. आणि साहेबांना सांगा, ड्युटीसाठी एअर फ्रेट कितीही असो, मालाच्या एफओबी किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच धरतात. 3 लाख 60 हजाराचे 72 हजार, वरच्यावर ड्युटी नाही. सीएचएला आठवण करून द्या.

सहारची_फेरी
सीए साहेबांशी सहमत. एअरवे बिलावर अर्धं प्रीपेड अर्धं कलेक्ट असं होत नाही, वजनाचे पैसे एकतर सगळे तिकडे नाहीतर सगळे इकडे.

कांदाभजी
वाचूनच भूक लागली. कोणी सीबीएसवर मिसळ खायला येतंय का, बिल समुद्राचं वजा जाता वाटून घेऊ.

फाटका_खिसा
पाव जादा कोणाच्या चुकीमुळे लागला त्यावर ठरेल.

अंबडकर_परचेस
अपडेट. सप्लायरने पाऊण नाकारलं, टूलरूम यांनी म्हटलं तसंच. म्हणतो मोल्डचं खरं काम दहा दिवसांचं, बाकी स्लॉट गेल्यामुळे. पण तो एअर बुक करायला तयार आहे, आणि पूर्ण एअर बिलाचा अर्धा भाग उचलतो म्हणतो. म्हणजे 50,400 तो आणि 50,400 मी. साहेब भडकलेत, म्हणतात शेवटी 50-50 वरच आलात, एवढा मेल लिहून काय मिळवलं.

फिफ्टी_फिफ्टी
🎉

मेघना_के
थांबा, साहेबांना भडकू देऊ नका. तो *पूर्ण* बिलाचा अर्धा म्हणतोय. तुमच्या 50,400 मधले 14,400 तुम्ही तसेही भरणारच होतात. म्हणजे तुम्हाला जादा पडले 36 हजार, त्याला 50,400. 86,400 पैकी त्याच्याकडे साधारण 58 टक्के. जादाचं अर्धं अर्धं केलं असतं तर तुम्हाला 43,200 पडले असते. त्याने चांगली ऑफर दिलीय, कदाचित त्यालाही माहीत नसेल. हो म्हणा, आणि आजच लेखी घ्या.

टूलरूम_सातपूर
त्याला माहीत असणार. मीच अशी ऑफर देतो कधी कधी, "अर्धं" ऐकायला बरं वाटतं आणि कस्टमरला वाटतं आपण ओढून घेतलं.

फिफ्टी_फिफ्टी
म्हणजे माझं चुकलं नव्हतं, फक्त कशाचं अर्धं ते सांगायचं राहिलं होतं.

अंबडकर_परचेस
हो म्हटलं, लेखी आलं, 30 कार्टन गेटला लागलेत, लाईन चालू आहे. आता नवीन भानगड. त्याने फोटोत 30 सेंमी दाखवले पण शांघायला माप घेतलं तेव्हा 32 निघाले, कार्टन फुगले. म्हणजे 12 ऐवजी 12.8 किलो, 30 कार्टनचे 24 किलो जास्त, 6,720 रुपये. तो म्हणतो याचंही अर्धं.

सहारची_फेरी
पॅकिंग त्याचं, माप त्याचं. पूर्ण त्याच्यावर.

टूलरूम_सातपूर
फोम काढून दाबून भर असं सांगितलं कोणी? दाबलं की फुगणारच. अर्धं द्या.

मेघना_के
मेलमधे "30 च्या वर नको" लिहिलंय, आणि त्याने त्यालाच होकार दिलाय. 3,360 रुपयांसाठी मी त्याला अडवणार नाही, पण मागेन नक्की. उरलेले 30 अजून त्याच्याच गोडाऊनला आहेत का जहाजात चढलेत, ते आधी बघा.